सामंजस्य करार: मौजे पाचगाव येथील जमिनीचा संयुक्त विकास

हा सामंजस्य करार आज दि. 12 जानेवारी 2026 रोजी कोल्हापूर मुक्कामी लिहून ठेवला.

जमीनमालक: (1) श्री. आनंदराव महादेव चौगले, (2) श्री. विलास महादेव चौगले, दोघे रा. पाचगाव, ता. करवीर, आणि (3) सौ. सुनंदा बाजीराव मगदूम, रा. कागल.
विकसक: श्री. सतीश बाबूराव शिंत्रे, बांधकाम व्यावसायिक, रा. राजारामपुरी, कोल्हापूर.

मौजे पाचगाव येथील गट क्र. 214/2, क्षेत्र 0 हे. 62 आर ही जमीन वडिलांच्या पश्चात वारसफेरफाराने तिन्ही भावंडांच्या नावे सातबारावर लागली आहे. तिघांचे हिस्से समान आहेत. सौ. सुनंदा यांनी हक्कसोड केलेली नाही आणि करण्याचा विषयही नाही. म्हणून कोणत्याही कागदावर तिघांच्याही सह्या लागतील, एकाची सही दुसऱ्याच्या वतीने चालणार नाही.

मोजणी व्हायची आहे, शोध अहवाल यायचा आहे, नकाशा तर अजून कागदावरही नाही. अशा वेळी वाट्याचे आकडे पक्के धरले तर पुढे घराघरात वाद होतात. पण तोवर विकसकाचा खर्च आणि मालकांची जमीन, दोन्ही सुरक्षित राहिली पाहिजेत. यासाठी कराराचे दोन भाग केले आहेत. बंधन फक्त भाग ब चे आहे. भाग अ मधील मजकुरावरून कोणालाही दावा, भरपाई किंवा करारपूर्तीची मागणी करता येणार नाही.

भाग अ: इरादे (बंधनकारक नाहीत)

1. तयार बांधकामापैकी 48 टक्के मालकांना आणि 52 टक्के विकसकाला, असा विचार आहे. तो विक्रीयोग्य चटईक्षेत्रावर धरायचा की सदनिकांच्या संख्येवर, हे नकाशा आल्यावर ठरेल.

2. रस्त्याकडेला दुकाने आणि मागे निवासी इमारती असाव्यात. किती मजले चढतील हे 2020 च्या एकत्रीकृत नियमावलीवर आणि रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून आहे. मंजुरीनंतर साधारण 36 महिन्यांत काम पुरे करावे, अशी अपेक्षा आहे.

3. पाण्याची कायम सोय ठरल्याखेरीज अंतिम करार करू नये, असे मालकांचे आग्रहाचे म्हणणे आहे. विकसकालाही ते मान्य आहे. टँकरवर चालणारी वसाहत दोघांनाही नको आहे.

भाग ब: बंधनकारक अटी

4. अनामत. विकसकाने आज रु. 15,00,000 (पंधरा लाख) प्रत्येकी पाच लाखांच्या तीन धनादेशांनी दिले आहेत. ही रक्कम बिनव्याजी व परतीची आहे. तो विसार नाही, जमिनीची किंमतही नाही. अंतिम विकसन करार झाला तर ती त्यात वळती होईल. मालकीत दोष निघाला तर 15 दिवसांत आणि इतर कोणत्याही कारणाने बोलणी थांबली तर 60 दिवसांत पूर्ण परत द्यावी लागेल. विकसकाने माघार घेतली तरी रक्कम जप्त होणार नाही. ज्याने जेवढी घेतली, तेवढ्याच परतीची त्याची जबाबदारी राहील.

5. ताबा नाही. विकसकाला मोजणी, माती परीक्षण व पाहणीपुरताच प्रवेश आहे. कुंपण, फलक, शेड, वाळूचा ढीग, काहीही टाकायचे नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 53अ चा आधार या कागदावरून घेता येणार नाही. वटमुखत्यारपत्र दिलेले नाही. उभे ऊस पीक मालकांचे असून ते तोडून नेण्यास अडथळा करायचा नाही.

6. इतरांशी बोलणी बंद. दि. 12 मे 2026 पर्यंत मालक ही जमीन दुसऱ्या कोणाला विकणार, गहाण ठेवणार किंवा विकसनास देणार नाहीत, तशी बोलणीही करणार नाहीत. अट मोडल्यास अनामतीखेरीज विकसकाचा पावत्यांनिशी सिद्ध झालेला खर्च, कमाल रु. 4,00,000, द्यावा लागेल. त्यापलीकडे अंतिम करार करण्याची सक्ती कोणावरही नाही.

7. खर्च. मोजणी, शोध अहवाल व वास्तुविशारदाचा खर्च विकसकाचा. मालक आपल्या वकिलाचा खर्च स्वतः करतील.

8. महारेरा नोंदणीपूर्वी जाहिरात, बुकिंग किंवा कोणाकडूनही आगाऊ रक्कम घ्यायची नाही. मालकांनीही पाहुण्यांना तोंडी फ्लॅटचा शब्द द्यायचा नाही.

9. कागदपत्रे व आकडे वकील, सनदी लेखापाल आणि वित्तसंस्थेशिवाय कोणाला दाखवायचे नाहीत.

10. मुदत दि. 12 मे 2026 रोजी आपोआप संपेल. वाढवायची तर चौघांच्या सहीने लेखीच वाढवावी. कलम 4, 5 आणि 9 मुदतीनंतरही लागू राहतील. वाद झाल्यास कोल्हापूर येथील न्यायालयाची हद्द राहील.

करार वाचून पाहिला, सौ. सुनंदा यांना स्वतंत्रपणे वाचून दाखवला, समजला. चौघांनी राजीखुशीने प्रत्येक पानावर सह्या केल्या.

आनंदराव महादेव चौगले
विलास महादेव चौगले
सुनंदा बाजीराव मगदूम
सतीश बाबूराव शिंत्रे

साक्षीदार: बाजीराव शंकर मगदूम, रा. कागल, प्रकाश तुकाराम गवळी, रा. पाचगाव