एक्स्ट्रूजन कुकिंग: प्रश्न, नमुना उत्तरे आणि गुणदान

तृतीय वर्ष बी.टेक. (अन्न तंत्रज्ञान), अंतर्गत चाचणी २
वेळ: १ तास. एकूण गुण: ३०. सर्व प्रश्न अनिवार्य. सायंटिफिक कॅलक्युलेटर चालेल.

प्र. १ (४ गुण) सिंगल स्क्रू एक्स्ट्रूडरच्या बॅरलला आतून खाचा का पाडतात? याच यंत्रात तेलकट कच्चा माल का चालत नाही?

उत्तर: माल स्क्रूवर घसरला आणि बॅरलच्या भिंतीला धरून राहिला, तरच तो पुढे सरकतो. उलट झाले, तर तो स्क्रूबरोबर जागच्या जागी गोल फिरतो. खाचांमुळे भिंतीवरची पकड वाढते. तेल ही पकड सोडवते आणि घर्षणातून मिळणारी उष्णताही घटवते, म्हणजे माल पुढेही जात नाही आणि शिजतही नाही. ट्विन स्क्रूमध्ये गुंतलेले फ्लाइट एकमेकांना पुसत माल ढकलतात; म्हणून तिथे जास्त तेल चालते.

गुणदान: पकड आणि घसरण यांची दिशा बरोबर असेल तर २, तेलाचे दोन्ही परिणाम २. ‘खाचांमुळे माल चांगला मिसळतो’ एवढेच लिहिणाऱ्याला शून्य.

प्र. २ (७ गुण) एका सिंगल स्क्रूचा व्यास १०० मिमी आहे. पिच व्यासाइतकीच असून ती सगळीकडे सारखी आहे. चॅनेलची खोली फीड विभागात १० मिमी, मीटरिंग विभागात ४ मिमी. वेग ३०० आरपीएम, वितळलेल्या पिठाची घनता १३०० किलो/घनमीटर. यंत्र भरपूर फीडवर चालते आणि प्रत्यक्ष उत्पादन ९५० किलो/तास मिळते.
(अ) कम्प्रेशन रेशो काढा. (आ) मीटरिंग विभागातील ड्रॅग फ्लो काढा. (इ) फरक कुठे गेला ते सांगा. (ई) वर्षभरात फ्लाइट आणि बॅरल यांमधली फट झिजून दुप्पट झाली. इतर सर्व तेच राहिल्यास गळतीचे काय होईल?

उत्तर: (अ) पिच एकसारखी असल्याने खोल्यांचे गुणोत्तर पुरेसे: १० ÷ ४ = २.५.

(आ) पिच = व्यास असताना हेलिक्स कोन १७.६६° येतो. एकच फ्लाइट धरून आणि त्याची जाडी सोडून दिल्यास:

```
Qd = (1/2) π² D² N H sinθ cosθ
```

व्यास ०.१ मी, वेग ५ फेरे/सेकंद, खोली ०.००४ मी, ज्या व कोज्या यांचा गुणाकार ०.२८९. यावरून प्रवाह ०.०००२८५ घनमीटर/सेकंद, म्हणजे १.०३ घनमीटर/तास, म्हणजेच सुमारे १३३५ किलो/तास.

(इ) प्रत्यक्ष उत्पादन ड्रॅग फ्लोच्या ७१% आहे. उरलेले २९% म्हणजे डायच्या दाबाने मागे ढकललेला प्रवाह आणि फटीतली गळती.

(ई) गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. फट दुप्पट झाली की गळती आठपट. मका ग्रिट्ससारख्या खरखरीत मालावर स्क्रू झिजतो, तेव्हा उत्पादन आधी हळूहळू आणि मग झपाट्याने घसरते ते यामुळेच.

गुणदान: १ + ३ + १ + २. आरपीएमचे फेरे/सेकंद न करता थेट ३०० घातले तर (आ) मध्ये १ गुण कापावा. पण तासाला ८० टन मका दाबणारे यंत्र पाहून विद्यार्थ्याला शंका यायला हवी होती.

प्र. ३ (८ गुण) मका ग्रिट्सचे पीठ डायमागे १६०°से आणि १५% ओलाव्यावर (ओल्या पायावर) आहे. डायचे छिद्र ३ मिमी, उत्पादनाचा सरासरी व्यास १०.८ मिमी. विशिष्ट उष्मा १.९ किलोज्यूल/किलो·°से, बाष्पीभवनाची सुप्त उष्णता २२५७ किलोज्यूल/किलो.
(अ) छेद-प्रसरण निर्देशांक काढा. (आ) डायबाहेर किती पाणी वाफ होऊन जाते आणि ओलावा किती उरतो? (इ) डायमागचा दाब किमान किती हवा? (ई) फुगल्यावर उत्पादन पुन्हा का बसते?

उत्तर: (अ) व्यासांचे गुणोत्तर ३.६, त्याचा वर्ग १२.९६.

(आ) पीठ १०० अंशांपर्यंत उतरताना दर किलोमागे १.९ × ६० = ११४ किलोज्यूल सुटतात. ११४ ÷ २२५७ = ०.०५०५ किलो वाफ. उरलेला ओलावा (०.१५ − ०.०५०५) ÷ (१ − ०.०५०५) = १०.५%. कुरकुरीतपणासाठी तो अजून बराच खाली आणावा लागतो, म्हणून पुढे ड्रायर लागतोच.

(इ) १६०°से ला शुद्ध पाण्याच्या वाफेचा संपृक्त दाब सुमारे ६.२ बार (निरपेक्ष) असतो. दाब याखाली गेला तर पाणी बॅरलमध्येच उकळते, वाफ उलटी हॉपरकडे येते, फीडच्या तोंडाशी गोळे धरतात आणि यंत्र धक्के देत चालते.

(ई) बुडबुडा फुगवतो तो वाफेचा दाब, टिकवून ठेवते ती स्टार्चची भिंत. भिंत काचेसारखी घट्ट होण्याआधी वाफ निवली किंवा भिंत फाटली, तर उत्पादन आक्रसते. ओलावा जास्त असेल तर पीठ पातळ राहते, घट्ट होण्याचे तापमान खाली सरकते आणि बसायला जास्त वेळ मिळतो.

गुणदान: १ + ३ + २ + २. शेवटच्या भागात फक्त ‘वाफ निघून जाते’ लिहिल्यास १.

प्र. ४ (४ गुण) ट्विन स्क्रूची मोटर ३७ किलोवॅट, कमाल वेग ५०० आरपीएम. ३५० आरपीएमवर टॉर्क ७८%, रिकाम्या यंत्राचा ८%. १२% ओलाव्याची ग्रिट्स १५० किलो/तास जातात आणि पाणी घालून ओलावा १५% केला जातो. एसएमई काढा.

उत्तर: कोरडा भाग १३२ किलो/तास. एकूण फीड १३२ ÷ ०.८५ = १५५.३ किलो/तास, म्हणजे पाणी ५.३ किलो/तास. वापरलेली शक्ती (३५० ÷ ५००) × ०.७० × ३७ = १८.१३ किलोवॅट. एसएमई = १८.१३ × ३६०० ÷ १५५.३ = ४२० किलोज्यूल/किलो.

गुणदान: पाणी २, एसएमई २. ३% म्हणजे ४.५ किलो पाणी धरणे ही नेहमीची चूक. तिला १ गुण कमी.

प्र. ५ (२ गुण) एक्स्ट्रूडरवर कॉर्नफ्लेक्ससाठी पेलेट करताना डायच्या आधी पीठ १००°से खाली का आणतात?

उत्तर: पेलेट फुगायला नको असते. भरीव, लवचीक पेलेटच फ्लेकिंग रोलखाली अखंड पसरते. फुगलेल्याचा चुरा होतो. फ्लेकवरचे फोड पुढे टोस्टिंगमध्ये येतात.

प्र. ६ (५ गुण) प्र. ४ च्या यंत्रावर २०% ग्रिट्सच्या जागी तेवढ्याच ओलाव्याचे सालीसकट बाजरी पीठ घातले. टॉर्क ६६% वर आला, व्यास १०.८ वरून ८ मिमी झाला. ऑपरेटरने बॅरल १५ अंशांनी तापवला, तरी फरक पडला नाही. कारण सांगा आणि उपाय क्रमाने लिहा.

उत्तर: एसएमई ४२० वरून सुमारे ३४८ वर आली. बाजरीत सुमारे ५% तेल असते. ते घर्षण कमी करते. सालीचे कण बुडबुड्याची भिंत टोचतात. बॅरल तापवल्याने पीठ आणखी पातळ होते आणि एसएमई आणखी घसरते. म्हणून हा उपाय अंगावर येतो. आधी बॅरल मूळ तापमानावर न्यावा. मग पाणी कमी करून ओलावा १५ वरून १३.५% वर हळूहळू आणावा, टॉर्कवर नजर ठेवून. पुरले नाही तर वेग वाढवावा. तरीही व्यास येत नसेल तर यंत्र थांबवून शेवटच्या भागात नीडिंग ब्लॉक किंवा उलट फ्लाइटचा तुकडा बसवावा. त्याच्या मागचा चॅनेल पूर्ण भरतो आणि कातर वाढते. पुढच्या खेपेला साल काढलेली बाजरी मागवावी.

गुणदान: कारण २, क्रमवार उपाय ३. स्क्रू बदलणे पहिलाच उपाय म्हणून दिले असेल तर १ गुण कापावा, कारण त्यासाठी लाइन बंद करावी लागते आणि पाण्याचा पंप तर हाताशीच असतो.