अन्याचे ९९ रन

पहिलं खोटं मी बोललोच नाही खरं तर, मी फक्त मान हलवली.

झालं असं की दहावीचे पेपर संपले मार्चमध्ये आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मी अंडर सिक्स्टीनच्या सिलेक्शनला गेलो, वर्तकनगरच्या बाजूच्या मैदानावर. मागच्या वर्षी पण गेलेलो, तेव्हा सांगितलं होतं पुढच्या वर्षी ये. माझी हाईट तेव्हा पाच फूट एक, आता पाच फूट दोन. आणि समोरून जो बॉलिंग टाकत होता त्याला बहुतेक रोज कोणीतरी खत घालत असावं, सहा फुटाचा माणूस होता तो, पहिला बॉल कानाजवळून गेला, दुसरा मी बघितलाच नाही आणि तिसऱ्याला मागचा स्टम्प उडून नेटमध्ये अडकला. 'नेक्स्ट' म्हणाले. तीन महिने अभ्यासाच्या नावाखाली टेरेसवर मोज्यात बॉल घालून टांगून जे काय खेळलो ते तीन बॉलमध्ये संपलं.

पॅड सोडत बसलेलो तर बाजूच्या नेटवरून सर आले, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "काय रे, चुकीच्या लाईनीत उभा राहिलास ना? फोर्टीनवाला ना तू? इकडे ये."

तेव्हा म्हणायला पाहिजे होतं की नाही सर, मी साडेपंधराचा आहे. तीन सेकंदाचं काम होतं. मी मान हलवली.

त्या नेटमध्ये बॉल मला मोठा दिसत होता. खोटं नाही सांगत, फुटबॉलएवढा दिसत होता. ऑफ स्पिनवाला एक पोरगा होता, वेदांत, चष्म्याला मागून इलास्टिक लावलेला, त्याला मी तीन स्वीप मारले आणि एक सरळ डोक्यावरून. सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. "नाव काय?" आणि इथे मात्र मी पूर्ण शुद्धीत बोललो, कारण मला कळलं की आता कागद मागणार. म्हणलं, "अनिकेत."

अनिकेत माझा लहान भाऊ. ऑक्टोबर २०११ चा. मी ओंकार, नोव्हेंबर २००९ चा. अन्याला क्रिकेटमध्ये काडीचा इंटरेस्ट नाही, तो दिवसभर रुबिक क्यूब फिरवत बसतो, म्हणजे त्याचं नाव तसंही रिकामंच पडलेलं होतं, असं मी स्वतःला सांगितलं. आईच्या कपाटात लाल प्लॅस्टिकची फाईल आहे, त्यात रेशन कार्डापासून गॅसच्या पुस्तकापर्यंत सगळं, त्यातून त्याचा जन्मदाखला काढला, लोकमान्यनगर नाक्यावर दोन रुपयात झेरॉक्स मारली आणि ओरिजिनल परत जागेवर. आधार मागितलं तर 'अपडेटला दिलंय' म्हणायचं. हे वाक्य भारतात कुठेही चालतं.

घरी सांगितलं सिलेक्शन झालं. आईने कुठल्या ग्रुपमध्ये ते विचारलंच नाही, तिच्यासाठी टीम म्हणजे टीम.

पुढचे पाच आठवडे माझे दोन जॉब होते, एक खेळायचं आणि दुसरं लहान दिसायचं. दुसरं जास्त अवघड. मिशी म्हणण्यासारखं काही नव्हतं पण जे होतं ते बाबांच्या रेझरने रोज सकाळी साफ, ते फर्स्ट शिफ्टला गेले की. आवाज फुटलेला, म्हणून बोलायचं नाही. पोरांनी नाव पाडलं मौनीबाबा. आणि ही पोरं इतकी लहान असतात हो! आपण पण दोन वर्षांपूर्वी असेच होतो हे पटतच नाही, ड्रिंक्सला पोकेमॉनवर भांडणं, एकाने तर पॅड उलटं बांधून अर्धी ओव्हर काढलेली. मी त्यांच्यात बसून हसायचो आणि आतून सारखं वाटायचं की शाळेच्या बालवर्गात मोठा माणूस शिरून बाकावर बसलाय.

वेदांत मात्र मला चिकटलाच. मी आलो म्हणून अकरातून जो बाहेर गेला तो वेदांत, मिडल ऑर्डर आणि ऑफ स्पिन करायचा तो आणि मी पण थोडा स्पिन टाकतो. सरांनी त्याला ट्वेल्थ मॅन केला. दुसरा कोणी असता तर माझ्या बुटात वाळू टाकली असती. हा म्हणायचा, "अन्या, तू स्वीप मारताना पाय कुठे टाकतोस ते परत दाखव ना," आणि त्याच्या आजीने दिलेल्या थालीपिठातलं अर्धं मला द्यायचा. मी खायचो. ते पण सांगतोय, म्हणजे लपवायला नको, मी रोज खायचो.

मे मध्ये टूर्नामेंट सुरू झाली, पंचवीस ओव्हरची, लेदर बॉल, पांढरे कपडे. पहिल्या मॅचला मी ६१ मारले. समोरचा त्यांचा मेन बॉलर, तेरा वर्षाचा पोरगा, त्याच्या एका ओव्हरमध्ये चार फोर गेल्या आणि तो रन-अपला परत जाताना बाहीने डोळे पुसत होता. मी बघितलं आणि मग बॅटला ग्रिप नीट बसलीये का ते बघायला लागलो, ग्रिप बसलेलीच होती.

दुसरी मॅच जिंकलो पण माझा घोळ झाला. ३८ वर खेळत होतो, कव्हरला मारून पळालो, समोरून ओरडतोय, "अनिकेत नो! अनिकेत नो!" आणि मी आपला पळतोय. अर्ध्या पिचवर आठवलं की अरे अनिकेत म्हणजे मी. रनआऊट. सर चिडून म्हणाले, "बहिरा आहेस का रे, स्वतःचं नाव ऐकू येत नाही?" सगळे हसले, मी पण. सर हसले नव्हते, ते माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत होते, किंवा मला तसं वाटलं असेल.

१३ मे ला दहावीचा रिझल्ट. दुपारी एकला लागला, साईट उघडायला अर्धा तास गेला, ६७.२०. गणितात मी उडणार हे घरात सगळ्यांनी मनातल्या मनात मान्य केलेलं, त्यामुळे आईला ६७ म्हणजे बोर्डात आल्यासारखं. मी म्हणलं संध्याकाळी येऊन पाया पडतो सगळ्यांच्या, आत्ता प्रॅक्टिस आहे, आणि सटकलो. त्या आठवड्यात आयपीएल पण थांबवलेली होती, त्यामुळे मैदानाच्या कठड्यावर रिकामी माणसं नेहमीपेक्षा जास्त, पालक पण बरेच.

साडेपाचला मी थ्रोडाऊन घेत होतो आणि गेटमधून पिवळ्या साडीत माझी आई आत येताना दिसली. हातात प्रशांत कॉर्नरची पिशवी. माझ्या पोटात जे झालं ते सांगता येणार नाही, पाय पण हलेनात, आणि ती एवढी खूश होती की वाटेतल्या प्रत्येकाला पेढा देत येत होती, कठड्यावरच्या त्या रिकाम्या माणसांना पण.

"सर, पेढे घ्या, ओंकार दहावी पास झाला!"

सरांनी पेढा घेतला. "अरे वा, अभिनंदन. ओंकार कोण, अनिकेतचा मोठा भाऊ का?"

"नाही हो," आई हसली, "अनिकेत धाकटा, तो आत्ता नववीत जाईल. हा काय ओंकार," आणि बॅट हातात धरून उभ्या असलेल्या माझ्याकडे बोट केलं.

सरांनी हातातल्या पेढ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी तो पेढा शांतपणे खाल्ला. आईसमोर एक शब्द बोलले नाहीत, उलट म्हणाले, "छान मार्क्स आहेत, आता कॉलेजचं बघा." ती रिक्षाने गेली. त्यानंतर मला स्कोअररच्या टेबलापाशी बोलावलं.

वाटलं होतं ओरडतील, कानाखाली देतील, पण ते नेट घड्या करायचं काम करत करतच बोलले. "वरच्या लेव्हलला डाव्या मनगटाचा एक्सरे काढतात, माहितीये? हाडावरून वय काढतात. तिथे सापडलास तर दोन वर्षं बॅन. इथे आपल्याकडे कसला एक्सरे, इथे तुझी आई पेढे घेऊन आली म्हणून." मग म्हणाले, "तू मला सांगितलं असतंस तर सिक्स्टीनच्या नेटला मी रोज अर्धा तास घातला असता तुझा. तुझी अजून एक सीझन बाकी होती ना?"

होती. त्यांनी बोटावर मोजलं पण असणार.

त्यांनी माझ्यासमोरच टूर्नामेंटवाल्यांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. दोन्ही मॅचचे पॉईंट गेले. उरलेली एक मॅच जिंकूनही आता काही होणार नव्हतं, टीम सेमीला जायच्या आधीच घरी. चौदा पोरं, त्यातल्या एकाने त्या दोनपैकी एका मॅचला आयुष्यातली पहिली विकेट काढलेली, ती पण गेली माझ्यासोबत.

घरी आईला मीच सांगितलं, रात्री. ती उठून कपाटाजवळ गेली, लाल फाईल काढली, अन्याचा दाखला आहे ना ते बघितलं आणि फाईल देवघराच्या खणात ठेवून कुलूप लावलं. पेढ्याचा बॉक्स अर्धा भरलेला होता, तो दोन दिवस तसाच राहिला. अन्या क्यूब फिरवत म्हणाला, "म्हणजे माझे ६१ आणि ३८, टोटल ९९ झाले का? अजून एक काढायचास ना." बाबा पहिल्यांदा हसले आणि मग त्यांना आठवलं की रागवायचंय.

शेवटच्या मॅचला मी गेलो. सरांनी बोलावलेलं, स्कोअर लिहायला. पोरं माझ्याशी बोलत नव्हती, बरोबरच होतं. वेदांत अकरात होता, सहा नंबरवर आला, पहिल्याच ओव्हरला स्वीप मारला, पाय बरोबर जिथे सांगितलेला तिथे टाकून. २३ केले. मी प्रत्येक रन नीट लिहिला, अक्षर माझं खराब आहे पण त्या पानावर चांगलं आलंय.

ड्रिंक्सला तो टेबलापाशी आला, डबा उघडला, थालीपीठ अर्धं केलं. मला वाटलं देणार नाही. त्याने पुढे केलं, जरा अंतर ठेवून, जसं आपण शेजारच्या मोठ्या माणसाला देतो तसं.

"घे ना, ओंकारदादा."