वार्षिक सोहळ्याच्या वर्गणीबाबत

सर्व सभासदांना सस्नेह नमस्कार.

यंदाच्या तीन दिवसांच्या सोहळ्याची वर्गणी माणशी ५०० ऐवजी ७०० रुपये करावी लागत आहे. सभागृहाचे भाडे आणि ध्वनिव्यवस्थेचा खर्च वाढला. गेल्या वर्षीची तूट राखीव निधीतून भागवली, पण त्याला दरवर्षी हात लावणे बरे नाही. प्रवचनकार मानधन घेत नाहीत, हेही सांगायला हवे.

सत्तरीपुढील सभासद व विद्यार्थ्यांना जुनीच वर्गणी. बारा वर्षांखालील मुलांना माफ. दोन हप्ते चालतील. तेही जड जात असेल तर खजिनदारांना खाजगीत सांगा. नाव कुठेही येणार नाही, पावती इतरांसारखीच मिळेल. पैशांपायी कोणीही घरी राहू नये, ही कळकळीची विनंती.

आपली,
कार्यकारिणी