पाठ टाचण : ऋतू कसे होतात?

इयत्ता सातवी, भूगोल. वेळ : 40 मिनिटे
साहित्य : पृथ्वीगोल, टॉर्च, आलेख कागद, टिकली

सुरुवात : "जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते. मग कोल्हापुरात तेव्हाच थंडी का?" उत्तर लगेच सांगू नये, मुलांना भांडू द्यावे.

कृती 1 : आलेख कागदावर टॉर्च आधी सरळ, मग त्याच अंतरावरून तिरका धरावा. उजळलेले चौकोन मुलांनी मोजावेत. तिरका प्रकाश जास्त चौकोनांवर पसरतो, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतो. यावर भरपूर वेळ द्यावा, सारा पाठ इथेच उलगडतो.

कृती 2 : कोल्हापूरवर टिकली लावावी (सुमारे 16.7° उत्तर). खिडक्या बंद. टॉर्चवाला मध्यभागी गोलाकडे वळत राहील, दुसरा गोल घेऊन त्याच्याभोवती फिरेल. 23.5° कललेला आस सतत उत्तरेच्या भिंतीकडेच हवा; मुले तो नकळत वळवतात, लक्ष ठेवावे. 21 जून व 22 डिसेंबरच्या जागी थांबून टिकलीवरचा प्रकाश पाहावा.

पाऊस टॉर्चने दाखवता येत नाही. त्याला समुद्रावरून येणारे वारे लागतात. तो पुढच्या तासाला.

मूल्यमापन : आस कललेला नसता तर ऋतू झाले असते का? गोल फिरवून दाखवा.

गृहपाठ : अंगणात काठी रोवून दर शनिवारी दुपारी साडेबाराला सावली मोजा.