आप्पांची घरची डायलिसिस वही : ११ ते १४ मे २०२६, एरंडोल

वजन रोज सकाळी, पोटातले पाणी काढल्यावर. काढलेले पाणी म्हणजे आधीच्या बॅगचे. प्रत्येक वेळी २,००० मिली भरतो. पिवळी १.५ टक्के, हिरवी २.५ टक्के.

सोमवार ११. वजन ५८.२, बीपी १३८/८४.
६:१५ काढले २,३५० (रात्रीची हिरवी), साफ. भरली पिवळी.
११:३० काढले २,१००, साफ. पिवळी.
४:३० काढले २,०५०, साफ. पिवळी.
९:४५ काढले २,१००, साफ. हिरवी.
दिवसभरात जास्तीचे ६००. लघवी ३५०.

मंगळवार १२. वजन ५९.१, बीपी १५२/९०. घोट्याला बोट दाबले की खळगा राहतो. काल शेजारच्या हळदीत शेवभाजी आणि पापड खाल्ले, मीठ तिथूनच गेले असणार. डॉक्टरांनी सांगून ठेवले आहे : ५९ च्या वर गेले तर दुपारची बॅग हिरवी.
६:२० काढले २,३००, साफ. पिवळी.
११:४० फक्त १,६०० निघाले. नळीला पीळ नाही, क्लॅम्प उघडा. दोन दिवस पोट साफ नाही. आप्पा म्हणाले, "पोट जड लागी ऱ्हायनं." डाव्या कुशीवर, मग उजव्या कुशीवर झोपवले, आणखी ३०० आले. एकूण १,९००. पाणी साफ, पण कापसाच्या तंतूसारखा एक पांढरा धागा दिसला. हिरवी भरली.
४:३५ काढले २,२००, साफ. पिवळी.
९:५० काढले २,०५०, साफ. हिरवी. डॉक्टरांनी दिलेले पोट साफ होण्याचे औषध दिले.
जास्तीचे ४५०. लघवी ३००.

नर्सबाईंना सांगायचे : ११:४० ची बॅग चालू असताना वीज गेली. उकाडा सहन होईना म्हणून मी खिडकी उघडली. मास्क होता, हात धुतले होते, पण जोडणी उघडी असताना वारा आत आला.

बुधवार १३. पहाटे शौचास झाली. वजन ५८.६, बीपी १४४/८६.
६:१५ काढले २,३००. गढूळ. बॅग पेपरवर ठेवली तर अक्षरे दिसेनात, कालपर्यंत स्पष्ट वाचता यायची. पोट दुखते, ताप १००.४. नळीच्या तोंडाशी लाली किंवा पू नाही.
६:४० नर्सबाईंना फोन. बॅग फेकू नका, बांधून घेऊन लगेच या, म्हणाल्या. त्यांच्या सांगण्यावरून पिवळी भरली. ७:१० ला जळगावला निघालो, बॅग आणि ही वही सोबत.
१०:३० दवाखान्यात काढले २,०००, गढूळ. तपासणीत पांढऱ्या पेशी १,२४०. शंभराच्या वर गेल्या की संसर्ग धरतात. कल्चरला पाठवले. अँटिबायोटिक बॅगमध्येच टाकून भरली, सहा तास ठेवायची.
४:४५ घरी. काढले २,०५०, अजून गढूळ. पिवळी.
९:४५ काढले २,१००, गढूळ. हिरवी. ताप ९९.६. खिडकीचे सांगितले.
जास्तीचे ४५०. लघवी २५०.

गुरुवार १४. वजन ५८.३, बीपी १४०/८४, ताप नाही.
६:१५ काढले २,२५०. पेपरवरचे मोठे मथळे वाचता येतात, बारीक अक्षरे अजून नाहीत. पिवळी.
अँटिबायोटिकची बॅग १०:३० ला, दवाखान्यात.