लसीकरण नोंदींचा मराठी अनुवाद : कु. आरोही निखिल सोनवणे

प्रति,
मा. मुख्याध्यापिका व प्रवेश समिती
मोठा शिशुवर्ग, शैक्षणिक वर्ष २०२५-२६
नाशिक

मूळ कागद : जपानमधील माता-बाल आरोग्य पुस्तिका, लसीकरणाची पाने. ही पुस्तिका तोक्यो महानगरातील एदोगावा वॉर्ड कार्यालयाने दिलेली आहे. आपल्याकडच्या माता-बाल संरक्षण कार्डाचे काम तिकडे हीच पुस्तिका करते. मूळ भाषा जपानी. पुस्तिका सध्या आरोहीच्या वडिलांजवळ तोक्योत आहे. त्यांनी तिथेच पानांचे फोटो काढून पाठवले आणि त्या चार फोटोंवरून हा अनुवाद केला आहे. जुलैत ते नाशिकला येताना पुस्तिका आणणार आहेत, तेव्हा शाळेला मूळ पाने पडताळून पाहता येतील. चारही फोटोंच्या रंगीत प्रती सोबत जोडल्या आहेत.

तारखांविषयी, नोंदी वाचण्याआधी

पुस्तिकेत तारखा वर्ष, महिना, दिवस या क्रमाने आहेत आणि वर्ष जपानी कालगणनेतले, म्हणजे रेइवा आहे. रेइवा १ म्हणजे २०१९. त्यामुळे रेइवा वर्षात २०१८ मिळवले की आपले इसवी सन मिळते.

हे इथे मुद्दाम लिहिते आहे, कारण फोटोतला आकडा थेट फॉर्मवर उतरवला तर घोटाळा होतो आणि तो चटकन लक्षातही येत नाही. पहिल्या पानावरची ‘२.१०.१२’ ही नोंद आपल्या सवयीने वाचली तर २ ऑक्टोबर २०१२ होईल. ती तारीख मुलीच्या जन्माच्याही आधीची असल्याने कोणीतरी अडवेल तरी. पण गोवर-रुबेलासमोरची ‘३.८.२३’ ही नोंद कोणीही ३ ऑगस्ट २०२३ अशी वाचेल आणि ती अगदी खरी वाटेल. प्रत्यक्षात ती २३ ऑगस्ट २०२१ आहे. म्हणजे पहिल्या वाढदिवसानंतर दोन आठवड्यांत दिलेली लस तीन वर्षांची होईपर्यंत लांबवली, असा शेरा तिच्या नावावर पडेल. खाली सर्व तारखा इसवी सनात, दिवस-महिना-वर्ष अशा दिल्या आहेत. फोटोशी ताडून पाहताना वरचे सूत्र वापरावे.

फोटो १ : नाव-पत्त्याचे पान

मुलीचे नाव : सोनावाने आरोही (जपानी लिपीत, आडनाव आधी)
जन्मतारीख : ९ ऑगस्ट २०२०
जन्मस्थळ : तोक्यो
लिंग : स्त्री
अपत्यक्रम : पहिले

जपानी लिपीत ‘सोनवणे’ हे आडनाव असेच उमटते, आणि पुस्तिकेत वडिलांचे नाव मधे लावलेले नाही. फॉर्मवरचे व पासपोर्टवरचे ‘आरोही निखिल सोनवणे’ हे नाव याच मुलीचे आहे; पासपोर्टवरील जन्मतारीख मी जुळवून पाहिली आहे.

फोटो २ : लसीकरणाची नोंद, पहिले पान

हिब (हिमोफिलस इन्फ्लुएंझी बी) : पहिली मात्रा १२ ऑक्टोबर २०२०, दुसरी १६ नोव्हेंबर २०२०, तिसरी १४ डिसेंबर २०२०, बूस्टर २३ ऑगस्ट २०२१. लसीचे नाव अ‍ॅक्टहिब. प्रत्येक वेळी ०.५ मिलि.

न्यूमोकोकल : याच चारही तारखा. लसीचे नाव प्रिव्हेनार १३. प्रत्येक वेळी ०.५ मिलि.

हिपॅटायटिस बी (कावीळ-ब) : १२ ऑक्टोबर २०२०, १६ नोव्हेंबर २०२०, २२ मार्च २०२१. प्रत्येक वेळी ०.२५ मिलि. तिसऱ्या नोंदीतला महिन्याचा आकडा पहिल्या फोटोत प्लास्टिकच्या वेष्टनावर पडलेल्या उजेडाने पांढरा झाला होता. ३ की ८ ते कळत नव्हते. वडिलांनी वेष्टन काढून खिडकीपाशी पुन्हा फोटो काढला, त्यात निळ्या शाईतला ३ स्पष्ट दिसतो. जोडलेली प्रत या दुसऱ्या फोटोची आहे.

रोटाव्हायरस, तोंडावाटे : १२ ऑक्टोबर २०२० आणि १६ नोव्हेंबर २०२०. लसीचे नाव रोटारिक्स. प्रत्येक वेळी १.५ मिलि. ही लस दोन मात्रांतच पूर्ण होते. फॉर्मवर तिसरा रकाना असेल तर तो या लसीला लागू नाही.

चतुर्गुणी लस (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात आणि इंजेक्शनचा पोलिओ) : १६ नोव्हेंबर २०२०, १४ डिसेंबर २०२०, १८ जानेवारी २०२१. बूस्टर ७ फेब्रुवारी २०२२. प्रत्येक वेळी ०.५ मिलि.

बीसीजी (क्षयरोग) : ८ फेब्रुवारी २०२१. पद्धतीच्या रकान्यात ‘त्वचेवर ठसा’ असे छापील आहे.

फोटो ३ : लसीकरणाची नोंद, दुसरे पान

गोवर-रुबेला, पहिली मात्रा : २३ ऑगस्ट २०२१, ०.५ मिलि.
गोवर-रुबेला, दुसरी मात्रा : रकाना कोरा.

कांजिण्या : २३ ऑगस्ट २०२१ आणि २८ फेब्रुवारी २०२२. प्रत्येक वेळी ०.५ मिलि.

जपानी मेंदूज्वर : ४ सप्टेंबर २०२३, २५ सप्टेंबर २०२३, बूस्टर ३० सप्टेंबर २०२४. लसीचे नाव जेबिक व्ही. प्रत्येक वेळी ०.५ मिलि.

फोटो ४ : ‘इतर लसी’ हे पान

गालगुंड : ४ ऑक्टोबर २०२१, ०.५ मिलि., एक मात्रा.
इन्फ्लुएंझा : २८ ऑक्टोबर २०२४ आणि २५ नोव्हेंबर २०२४. प्रत्येक वेळी ०.५ मिलि.

जपानमध्ये गालगुंडाची लस सरकारी वेळापत्रकात नाही, पालक स्वखर्चाने घेतात. म्हणून ती मागच्या पानावर गेली आहे.

प्रत्येक नोंदीपुढे लसीच्या बाटलीवरचे लॉट क्रमांकाचे लेबल चिकटवलेले आणि डॉक्टरांचा गोल लाल शिक्का आहे. शिक्क्यातले आडनाव सर्व पानांवर ‘सातो’ असे वाचता येते. लॉट क्रमांक मी उतरवून घेतलेले नाहीत. ते बारीक अक्षरात आहेत, आणि एक अक्षर चुकीचे लिहिण्यापेक्षा गरज पडेल तेव्हा थेट फोटोतून वाचलेले बरे. दवाखान्याचा आयताकृती शिक्का पुसट आहे. त्यात ‘बालरोग’ आणि ‘एदोगावा’ एवढेच शब्द लागतात.

शाळेच्या फॉर्मवरील रकान्यांविषयी अनुवादकाचे निवेदन

आपला फॉर्म आपल्याकडच्या वेळापत्रकावर बेतलेला आहे आणि ही पुस्तिका दुसऱ्या देशाच्या. दोन्ही जागी रकाने सारखे नाहीत. जे पुस्तिकेत नाही ते मी कुठेही भरलेले नाही. मात्र काही रकाने कोरे का राहतात हे न सांगता सोडले, तर आईबापांनी हयगय केली असे वाटेल, आणि तसे मुळीच नाही.

जन्मावेळची कावीळ-ब, जन्मावेळचा पोलिओ आणि जन्मावेळची बीसीजी : तिन्ही ठिकाणी ‘दिलेली नाही’ असेच लिहावे. जपानमध्ये कावीळ-बची नेहमीची लस दुसऱ्या महिन्यापासून सुरू होते, आणि बीसीजी साधारण पाच ते आठ महिन्यांच्या दरम्यान देतात. आरोहीला ती सहावा महिना पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी दिली आहे.

बीसीजीचा व्रण : आपल्याकडे डाव्या दंडावर एकच खळगीसारखा व्रण असतो आणि शाळेत तो पाहायची पद्धत आहे. जपानमध्ये नऊ बारीक सुयांचा ठसा दंडावर दोनदा उमटवतात. आरोहीच्या दंडावर म्हणून दोन चौकोनी पुंजक्यांत अठरा फिकट ठिपके आहेत आणि ते बाजूने उजेड पडल्याशिवाय दिसत नाहीत. एकच मोठा व्रण शोधला तर सापडणार नाही.

पोलिओ : ‘पोलिओ थेंब’ हा रकाना पूर्ण कोरा आहे, पण पोलिओची लस राहिलेली नाही. जपानने २०१२ मध्ये थेंब बंद करून इंजेक्शन आणले आणि त्याच वर्षी ते चतुर्गुणी लसीत घातले. त्यामुळे वर चतुर्गुणीच्या चार तारखा आहेत, त्याच इंजेक्शनच्या पोलिओच्या तारखा समजाव्यात.

पेंटाव्हॅलेंट : या नावाची लस आरोहीला दिलेली नाही, म्हणून त्या रकान्यात तारीख लिहू नये. पण त्या लसीतले पाचही घटक तिला मिळाले आहेत. तीन चतुर्गुणीतून, हिब वेगळी, कावीळ-ब वेगळी. त्यांच्या तारखा एकाच दिवशीच्या नसल्याने एका रकान्यात कोंबल्या तर कुठलीच तारीख खरी राहणार नाही. शेऱ्यात ‘घटक स्वतंत्रपणे दिले, अनुवाद पाहावा’ एवढे लिहिणे योग्य होईल.

त्रिगुणी बूस्टर : दीड ते दोन वर्षांच्या रकान्यात ७ फेब्रुवारी २०२२ ही चतुर्गुणीची तारीख लिहिता येईल, त्या दिवशी आरोही दीड वर्षाला दोन दिवस कमी होती. पाच ते सहा वर्षांचा बूस्टर अजून व्हायचा आहे. तिला पाच वर्षे येत्या ऑगस्टमध्ये पूर्ण होतील.

गोवर-रुबेलाची दुसरी मात्रा : पूर्ण कागदात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हाच कोरा रकाना. आपल्याकडे ही मात्रा १६ ते २४ महिन्यांत देतात. जपानमध्ये ती प्राथमिक शाळेत जाण्याआधीच्या वर्षी देतात. आरोही तिथेच राहिली असती तर तिची पाळी एप्रिल २०२६ ते मार्च २०२७ या काळात आली असती. म्हणजे तिकडच्या हिशेबाने काहीही चुकलेले नाही, आणि इकडच्या हिशेबाने मात्रा बाकी आहे. आरोही आता जपानच्या वेळापत्रकात राहिली नाही, म्हणून तिथून कोणी आठवण करणार नाही. आणि इथल्या फॉर्मवर गालगुंड, गोवर, रुबेला यांपुढे एकत्र बरोबरची खूण झाली, तर इथूनही कोणी विचारणार नाही. आईने प्रवेशाआधीच महानगरपालिकेच्या आरोग्य केंद्रात अथवा बालरोगतज्ज्ञांकडे हे फोटो व अनुवाद दाखवायचे ठरवले आहे. पुढची लस कोणती आणि केव्हा, हे तेच ठरवतील. शाळेला विनंती एवढीच, की तोवर हा रकाना कोरा ठेवावा आणि त्यावरून प्रवेश अडवू नये.

‘एमएमआर’ असा रकाना असेल तर : जपानमध्ये ही एकत्रित लस १९९३ पासून वापरात नाही. गोवर-रुबेला २३ ऑगस्ट २०२१ आणि गालगुंड ४ ऑक्टोबर २०२१ अशा दोन वेगळ्या नोंदी लिहाव्यात.

प्रतिज्ञापन

मी खाली सही करणारी, जपानी भाषेची शिक्षिका, असे लिहून देते की वरील अनुवाद मला दिलेल्या चार फोटोंमधील मजकुराशी माझ्या माहितीप्रमाणे जुळतो. मूळ पुस्तिका मी पाहिलेली नाही. ‘निवेदन’ या भागातील मजकूर पुस्तिकेतला नसून माझा आहे. तो वैद्यकीय सल्ला नाही. फोटो व अनुवाद यांत कुठे फरक आढळला तर फोटोतील नोंद ग्राह्य धरावी आणि मला कळवावे, मी दुरुस्त प्रत विनामूल्य देईन.

मेधा जोगळेकर
अनुवादक, जपानी ते मराठी
कॉलेज रोड, नाशिक
१७ एप्रिल २०२५

वरील अनुवाद वाचला. माझ्या मुलीच्या नोंदी बरोबर आहेत. पुढील मात्रा दिल्यावर त्यांचा दाखला शाळेत जमा करीन.

सौ. स्नेहल निखिल सोनवणे
(आई)
इंदिरानगर, नाशिक

सोबत : फोटोंच्या रंगीत प्रती ४, पासपोर्टची छायाप्रत १