चहा, आवराआवर आणि इतिवृत्ताच्या पाळीबाबत

सर्वांना नमस्कार. आपल्या अंबडच्या कार्यालयात दुपारचा चहा, पँट्रीची आवराआवर आणि सोमवारच्या बैठकीचे इतिवृत्त ही तिन्ही कामे बहुतेक वेळा स्वातीताई आणि प्रणव यांच्याकडेच जातात, म्हणून येत्या सोमवारपासून त्यांची आठवड्यानुसार पाळी लावावी, असे मी सुचवतो.

क्रम मी, नीलेश, रेश्माताई, स्वातीताई, प्रणव असा असावा. पहिल्या आठवड्यात चहा माझ्याकडे, आवराआवर नीलेशकडे आणि इतिवृत्त रेश्माताईंकडे राहील. त्यानंतर दर सोमवारी तिन्ही कामे एकेका नावाने पुढे सरकतील. नीलेशला सिन्नरला परतायचे असल्याने त्याने आवराआवर साडेपाचलाच उरकावी. स्वतःचा कप मात्र ज्याचा त्यानेच विसळावा; तो पाळीत धरलेला नाही.

इतिवृत्तात सगळी चर्चा उतरवण्याची गरज नाही (आपल्या चर्चा पाहता ते शक्यही नाही). घेतलेला निर्णय, तो कोणी अमलात आणायचा आणि कधीपर्यंत, एवढे लिहून त्याच संध्याकाळी या ग्रुपवर टाकावे.

रजा असल्यास आपसात अदलाबदल करून येथे कळवावे. क्रमात बदल हवा असल्यास कृपया शुक्रवारपर्यंत सांगावे.